आईच्या डोक्याला सतत खाज, केस विरळ झालेत, त्वचा कोरडी. नेमकं काय लावावं, कशाने धुवावं?

सोलापूरची_लेक (६ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार. आई ७६ वर्षांची आहे, सोलापूरला भावाकडे असते. मी पुण्यात. दिवाळीपासून तिच्या डोक्याला खाज सुरू झाली आणि आता रात्री झोपेतही नखं चालतात. केस फार विरळ झालेत, वेणी करंगळीएवढीही राहिली नाही, भांगातून टाळू दिसते. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिच्या काळ्या शालीवर पांढरा भुगा पडलेला दिसला. पिठासारखा बारीक, झटकला की उडून जाणारा.

वहिनीने मेडिकलमधून कोंड्याचा शाम्पू आणला, केटोकोनाझोलवाला. एक दिवसाआड लावला, तीन आठवडे. फरक पडायचा सोडून खाज वाढली, आता टाळू ताणते म्हणते. भावाचं म्हणणं, म्हातारपणी हे व्हायचंच. मला ते पटत नाही. काय करावं?

कृष्णाकाठ (६ जानेवारी, रात्री १०:१५)

केस गळणं थांबवायचं असेल तर कांद्याचा रस आणि मेथी वाटून आठवड्यातून दोनदा लावा. माझ्या मावशीचे केस तीन महिन्यांत परत आले.

सोलापूरची_लेक (६ जानेवारी, रात्री १०:२२)

केस परत यावेत अशी अपेक्षा नाही हो. तिला झोप लागावी, एवढंच हवंय.

नाना_परभणी (७ जानेवारी, सकाळी ७:०५)

लेकी, हे सगळं शाम्पूने होतं. आमच्या आईने ८५ वर्षं शाम्पू पाहिला नाही. शिकेकाई आणि खोबरेल तेल, बस. रात्री तेल चोळून ठेवायचं, सकाळी शिकेकाईने धुवायचं. टाळू कोरडी आहे म्हणजे तिला तेल हवंय, यात अवघड काय आहे?

वारजे_विनायक (७ जानेवारी, सकाळी ९:३०)

नाना, तेलाबद्दल जरा थांबा. माझ्या वडिलांना कंपवात आहे, वय ७९. त्यांच्याही डोक्यातून पापुद्रे पडायचे आणि आम्हीही कोरडं समजून रोज रात्री तेल लावत होतो. महिनाभरात भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे पिवळट चिकट खपल्या जमल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा कोंड्याचाच मोठा प्रकार आहे. कंपवातात चेहरा आणि डोकं तेलकट होतं आणि हा त्रास जास्त दिसतो. त्या तेलकटपणावर वाढणारी बुरशी असते, तिला आपण वरून तेल घालून खाऊ घालत होतो. केटोकोनाझोल आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचं, असं महिनाभर केल्यावर डोकं स्वच्छ झालं.

तेव्हा ताई, तुमच्या वहिनींनी आणलेला शाम्पू बरोबरच आहे. सोडू नका, अजून महिनाभर लावा.

शोभनाताई (७ जानेवारी, दुपारी २:५०)

विनायक, तुमच्या वडिलांसाठी ते अगदी योग्य होतं. पण ताईंच्या आईचं वर्णन मला वेगळं वाटतंय. मी २६ वर्षं नर्स होते, त्यातली अकरा त्वचा विभागाच्या ओपीडीत. आता निवृत्त आहे, पण ओळखीच्या दोन-तीन आज्यांना अजून न्हाऊ घालते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. काही प्रश्न विचारते, उत्तरं वहिनींना फोन करून घ्या. रोज डोकं त्यांच्या हाताखाली असतं, तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिलंय.

शाम्पू आणायच्या आधी, म्हणजे दिवाळीपर्यंत, डोकं कशाने धुवत होते? पाणी कुठलं आणि किती गरम? न्हाल्यावर खाज लगेच वाढते, की दोन दिवस बरं वाटून मग परत येते? भुगा बोटांत चोळला तर कोरडा लागतो की मेणासारखा? भुवया, नाकाच्या कडा, कानामागे लाली आहे का? मेंदी किंवा कलप? घरात आणखी कुणाला खाज? आणि एकदा बारीक फणी फिरवून बघा. वयस्कर माणसाच्या डोक्यात उवा असतील असं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून महिनोनमहिने राहून जातात.

सोलापूरची_लेक (८ जानेवारी, रात्री ८:१०)

शोभनाताई, वहिनीला विचारून लिहितेय.

दिवाळीपर्यंत अंगाच्याच साबणाने. आई म्हणायची, एवढ्याशा केसांना वेगळा शाम्पू कशाला. पाणी बोअरचं, फार जड. बादलीवर पांढरा थर बसतो, साबणाचा फेसच होत नाही. थंडीत पाणी बंबातलं, चांगलं कडकडीत, तिला तसंच लागतं. रोज डोक्यावरून आंघोळ. न्हाल्यावर तासाभरात खाज सुरू होते आणि "डोकं ताणतंय" हे तेव्हाच म्हणते. भुगा कोरडा, चोळला की पावडर होतो. भुवया आणि नाक ठीक. कानामागे वहिनीने नीट पाहिलं नाही. मेंदी-कलप पाच-सहा वर्षांपासून बंद. फणीत काही सापडलं नाही, घरात कुणाला खाज नाही.

शोभनाताई (९ जानेवारी, सकाळी ११:३५)

छान माहिती काढलीत. आता मला काय दिसतंय ते सांगते.

वय वाढलं की डोक्यातली तेलाची ग्रंथी मंदावते, बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हे जास्त जाणवतं. म्हणजे टाळूवर मुळात स्निग्धपणा कमी. वर केस विरळ. दाट केस असले की साबणाचा बराचसा भाग केसांतच राहतो. विरळ असले की तो थेट कातडीवर जातो, जणू तुम्ही हाताचा तळवाच धुताय. त्यात अंगाचा साबण. नेहमीची साबणाची वडी बरीच अल्कधर्मी असते आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी. बोअरच्या पाण्यातला चुना साबणाशी मिळून चिकट साका तयार करतो, तो धुतला जात नाही. बादलीच्या कडेला जो पांढुरका राप दिसतो, तसलाच साका आईंच्या भांगात बसत होता. आणि कडकडीत पाण्याने उरलासुरला स्निग्धपणा निघून जात होता, तोही रोज.

मग त्यावर कोंड्याचं औषधी शाम्पू, एक दिवसाआड. ते औषध चांगलं आहे, पण जिथे बुरशीचा तेलकट कोंडा आहे तिथे. कोरड्या, चिरलेल्या टाळूला त्याने आणखी कोरडं केलं. म्हणून वाढलं.

फरक ओळखायला मी एक गोष्ट नेहमी बघते. कोंडा असेल तर धुतल्यावर दोन दिवस आराम पडतो आणि मग तेल साठलं की खाज परत येते. कोरडेपणा असेल तर धुणंच खाजेला आमंत्रण देतं. तुमच्या आईंचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. पण कानामागे बघितल्याशिवाय मी छातीठोकपणे बोलणार नाही.

शोभनाताई (९ जानेवारी, सकाळी ११:५८)

न्हाऊ घालायची पद्धत वेगळी लिहिते, कारण वहिनींना तीच लागेल.

साबण आणि औषधी शाम्पू दोन्ही दोन आठवडे बंद. डोक्यावरून आंघोळ आठवड्यातून एकदाच, फार तर दोनदा. इतर दिवशी डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून अंगावरून आंघोळ. पाणी कोमट म्हणजे किती, तर मनगटाच्या आतल्या बाजूला ओतल्यावर ना गरम ना गार वाटेल इतकं. आजींना कडकडीत पाण्याची सवय असते, त्या नाराज होतात. तेव्हा अंगाला हवं तेवढं ऊन पाणी घ्या, डोक्यासाठी वेगळी छोटी बादली ठेवा.

शाम्पू एक छोटा चमचा पुरतो. तो तांब्याभर कोमट पाण्यात आधी मिसळायचा आणि ते पाणी भांगाभांगातून हळूहळू ओतायचं. घट्ट शाम्पू एकाच जागी ओतला की तिथलीच कातडी भाजल्यासारखी होते आणि बाकी डोकं तसंच राहतं. नखं लावायची नाहीत, बोटांची पेरं फिरवायची, अर्धा मिनिट पुरे. मग धुणं. इथे सगळेच घाई करतात. वाकून न्हाणाऱ्याच्या मानेच्या खळगीत आणि कानामागे शाम्पू राहतो, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी तिथेच खाज. आईंना स्टुलावर बसवा, डोकं किंचित मागे घ्या, एक हात कपाळावर आडवा धरा आणि कानामागे बोट फिरवून निसरडं लागत नाही ना बघा. चक्कर येत असेल तर डोकं मागे नेऊ नका, पुढेच वाकवा.

पुसताना टॉवेल चोळू नका, टिपा. डोकं किंचित ओलं असतानाच मेडिकलमध्ये मिळणारं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर हरभऱ्याएवढं बोटावर घेऊन भांगावर टेकवा. विरळ केसांचा हा एक फायदा आहे, ते थेट कातडीला पोचतं.

नाना_परभणी (९ जानेवारी, दुपारी १:२०)

आणि शिकेकाई? ती तर सौम्यच ना?

शोभनाताई (९ जानेवारी, दुपारी ३:०५)

नाना, शिकेकाईचा काढा गाळून घेतला तर सौम्य आहे. ती साबणासारखी अल्कधर्मी नसते, जड पाण्यात साकाही करत नाही. तुमच्या आईंचं बरोबर होतं. पण आता लोक शिकेकाईची पूड पाण्यात कालवून तशीच डोक्याला चोळतात. ती खरबरीत पूड चिरलेल्या टाळूवर वाळूच्या कागदासारखी घासते आणि विरळ केसांतून नीट निघतही नाही. रात्री भिजवून, उकळून, सुती फडक्यातून दोनदा गाळणार असाल तर जरूर वापरा. रिठ्याचा काढा मात्र तीव्र असतो, तो नको, आणि डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. आणि ज्या वडीवर शिकेकाई लिहिलेलं असतं, ती बहुतेक वेळा साबणच असते.

सोलापूरची_लेक (९ जानेवारी, रात्री ९:१५)

काढा करणं वहिनीला जमेल असं वाटत नाही, तिची सकाळ फार गडबडीची असते. शाम्पूच घेईन. पण कुठला? दुकानात "सौम्य" आणि "हर्बल" सगळ्यांवरच लिहिलेलं असतं.

फार्मसीवाला_अकोला (१० जानेवारी, सकाळी १०:४५)

माझं मेडिकल आहे, हा प्रश्न रोज येतो. पुढची बाजू वाचूच नका, बाटली उलटी करा. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते. पहिलं पाणी असतं. त्यानंतर लगेच सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर ती बाटली तुमच्या आईंसाठी नाही. सोडियम लॉरेथ सल्फेट हा त्याचा थोडा मवाळ भाऊ, पण कोरड्या टाळूला तोही जड जातो. कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन अशी नावं वरच्या चार-पाचांत असतील तर बरं. आणि "सल्फेट-फ्री" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. सल्फेट काढून त्या जागी ओलेफिन सल्फोनेट घालतात, ते सल्फेट नाही हे खरं, पण तेही चांगलंच कडक असतं.

दुसरं म्हणजे वास. परफ्युम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द यादीत नसलेला शाम्पू शोधा. अवघड आहे, दहा बाटल्यांत एखादी. मेंथॉल, टी ट्री, पुदिना हे सगळं थंड वाटतं, म्हणून खाज गेल्यासारखी होते, पण फाटलेल्या त्वचेला ते चिडवतंच.

एक सोपी वाट सांगू? कोरड्या त्वचेसाठी चेहरा-अंगाला लावायचं साबणविरहित पांढरट क्लेन्झर लोशन मिळतं. इतक्या विरळ केसांना तेच डोक्याला चालतं. फेस होत नाही, म्हणून आजी म्हणतात "धुतल्यासारखं वाटत नाही". त्यांना आधीच सांगून ठेवा.

पनवेल_मेधा (१० जानेवारी, दुपारी १२:३०)

लहान बाळाचा शाम्पू का नाही? मी सासूबाईंना तोच लावते.

फार्मसीवाला_अकोला (१० जानेवारी, दुपारी १:१०)

साबणापेक्षा कितीतरी बरा. फक्त तो डोळ्यांना झोंबू नये असा बनवलेला असतो, टाळूच्या कोरडेपणासाठी नाही. शिवाय बाळाच्या शाम्पूला वास बहुधा असतोच. सासूबाईंना त्रास नसेल तर बदलायची गरज नाही.

डोंबिवली_सुहास (१० जानेवारी, सायंकाळी ६:२०)

माझंही असंच चाललंय. वय ६४, टाळूवरचे केस गेलेत, आठ महिने मिनॉक्सिडिलचं पाणी लावतोय. दोन महिन्यांपासून जिथे लावतो तिथेच लाल, कोरडं, खाज. शाम्पू बदलून तीन झाले.

शोभनाताई (१० जानेवारी, रात्री ८:००)

सुहासराव, जिथे लावता तिथेच होतंय, तर शाम्पूचा दोष बहुतेक नाहीच. त्या पाण्यात मद्यार्क आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, पुष्कळांना त्यातल्या ग्लायकॉलनेच जळजळ होते. फेसाच्या स्वरूपात जे मिनॉक्सिडिल मिळतं त्यात सहसा ते नसतं. पण स्वतःहून बदलू नका, ज्यांनी दिलं त्या डॉक्टरांना दाखवा. क्वचित मिनॉक्सिडिलचीच अ‍ॅलर्जी असते, मग फेसही चालत नाही.

हळद_सांगली (११ जानेवारी, सकाळी ८:४०)

कलपावरून आठवलं म्हणून लिहिते. माझ्या आत्याला "काळी मेंदी, नैसर्गिक" म्हणून घेतलेल्या पुडीने दोन दिवसांनी कपाळ, कान आणि पापण्या सुजल्या. नुसती मेंदी केस काळे करत नाही, रंग तांबूसच येतो. काळा येतोय म्हणजे त्यात कलपाचं रसायन आहे. खाज असलेल्या डोक्यावर तर अजिबात लावू नये.

सोलापूरची_लेक (२६ जानेवारी, रात्री ९:०५)

उशिरा लिहितेय, पण मुद्दाम दोन आठवडे थांबले. मी स्वतः सोलापूरला जाऊन पहिलं न्हाणं घातलं. शोभनाताईंनी सांगितलं तसं, तांब्यात क्लेन्झर मिसळून. आईला खरंच फेस नसल्याचं वाईट वाटलं, "अगं, नुसतं पाणी ओततेस की काय" म्हणाली. मॉइश्चरायझर लावताना भांग बोटांनी वेगळा केला तेव्हा दिसलं, कातडीवर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारख्या बारीक भेगा होत्या. नखांचे ओरखडे वेगळेच.

चार दिवस काहीच फरक नव्हता. मग आठव्या-नवव्या दिवशी वहिनीचा फोन, आई रात्री उठली नाही. आता शालीवर भुगा जवळजवळ नाही. "ताणतंय" हा शब्द गेलाय.

पण दोन गोष्टी उरल्यात. कानामागे पाहिलं, तिथे खरंच थोडी लाली आणि पिवळट चिकट खपली आहे, दोन्ही बाजूंना. आणि डोक्याच्या मागे, उजवीकडे, रुपयाएवढा एक चट्टा आहे. तो बाकीसारखा सुधारला नाही. वर जाड चंदेरी पापुद्रा आहे आणि खाजवला की रक्ताचा ठिपका येतो.

शोभनाताई (२७ जानेवारी, सकाळी १०:२०)

झोप लागली हे वाचून बरं वाटलं. वहिनींना सांगा, काम त्यांनी केलंय.

कानामागचं विनायकरावांच्या वडिलांसारखं असू शकतं. म्हणजे तेही अर्धे बरोबर होते. माथा कोरडा आणि कानामागे कोंडा, असं एकाच डोक्यावर चालतं. तसं निघालं तर तोच केटोकोनाझोल शाम्पू फक्त कानामागे, आठवड्यातून दोनदा, तीन मिनिटं ठेवून, माथ्यावर ओघळू न देता धुवायचा. पण ते डॉक्टरांनी पाहिल्यावर. कारण त्या चट्ट्याबद्दल इथे कुणीही बोलू नये. कडा स्पष्ट असलेला, जाड, एकाच जागी राहणारा चट्टा सोरायसिस असू शकतो, आणखीही काही असू शकतं. या वयात न भरणारी, रक्त येणारी जागा असेल तर त्वचेच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायलाच हवी. जाताना कोपर, गुडघे आणि नखं दाखवा, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का ते आधीच बघून ठेवा. आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. आणि जायच्या आदल्या दिवशी तेल किंवा काही लावू नका, नाहीतर पापुद्रा दिसतच नाही.

नाना_परभणी (२७ जानेवारी, दुपारी १२:१५)

म्हणजे तेल कायमचंच बंद का? म्हाताऱ्या माणसाला डोक्यावर हात फिरवलेला बरा वाटतो हो.

शोभनाताई (२७ जानेवारी, दुपारी ४:३०)

कायमचं नाही, नाना. कानामागची खपली गेल्यावर, न्हायच्या आधी तासभर, माथ्यावर अर्धा चमचा साधं खोबरेल, कापूर न घातलेलं, आणि त्याच दिवशी धुऊन टाकायचं. रात्रभर ठेवायचं नाही. काही त्वचातज्ज्ञ एवढंही नको म्हणतात, मी मात्र ज्या आज्यांना न्हाऊ घालते त्यांना लावते.

पनवेल_मेधा (२७ जानेवारी, सायंकाळी ५:१०)

एक विचारू? पाणीच जड असेल तर शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घ्यावा का?

फार्मसीवाला_अकोला (२७ जानेवारी, सायंकाळी ६:४५)

घेऊन बघा, एका तांब्याने नुकसान काही नाही. माझ्या काही गिऱ्हाइकांना फरक वाटला, काहींना नाही. साबण बंद केला की साकाच होत नाही, त्यामुळे मला ते पहिलं काम वाटतं.

सोलापूरची_लेक (२७ जानेवारी, रात्री ९:३०)

गुरुवारची वेळ मिळाली आहे. आईच्या नखांकडे आत्ताच व्हिडिओ कॉलवर पाहिलं, अंगठ्याच्या नखावर दोन-तीन बारीक खड्डे आहेत. इतकी वर्षं आम्ही ते भांडी घासून झालेलं समजत होतो. डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहीन.